पासवर्ड जन्मतो कुठे

`Tuljai@1985` हा पासवर्ड बहुतेक संकेतस्थळे बिनतक्रार स्वीकारतात. मोठे अक्षर आहे, लहान अक्षरे आहेत, चिन्ह आहे, आकडे आहेत, लांबी अकरा आहे. शेजारची पट्टी हिरवी होते आणि ‘मजबूत’ असा शेरा मिळतो. तो शेरा मात्र पासवर्डच्या रूपाकडे बघून दिलेला असतो. पासवर्ड फोडणारा त्याच्या रूपाकडे बघत नाही, तो ज्या सवयीतून जन्माला आला त्या सवयीकडे बघतो.

ती सवय सगळ्यांची सारखीच असते. आधी ओळखीचा शब्द: देवाचे, गावाचे, मुलाचे किंवा किल्ल्याचे नाव. पहिले अक्षर मोठे. मग एक चिन्ह, आणि ते बहुतेकदा `@`. शेवटी आकडे: जन्मसाल, `123`, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे चार अंक. आपल्याला वाटते, ही जुळणी फक्त आपल्यालाच सुचली. पण फोडणाऱ्यांकडे माणसांच्या सवयींचा खराखुरा साठा आहे. डिसेंबर 2009 मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीतून सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले, आणि ते कसलेही आवरण न घालता जसेच्या तसे साठवलेले होते. त्यात `123456` हा पासवर्ड सुमारे 2 लाख 90 हजार लोकांनी ठेवला होता. त्यातून वेगवेगळे पासवर्ड वेचून केलेली जवळपास 1 कोटी 43 लाखांची यादी आजही `rockyou.txt` या नावाने फिरते. सुरक्षेची चाचणी घेणारे लोक वापरतात त्या काली लिनक्समध्ये ती आयतीच मिळते. फोडणारी साधने या यादीतल्या शब्दांवर नियम चालवतात: पहिले अक्षर मोठे कर, `a` च्या जागी `@` घाल, शेवटी साल जोड. आपण ज्याला युक्ती म्हणतो, ती त्या साधनात एका ओळीचा नियम म्हणून लिहून ठेवलेली असते.

आता हिशेब करू. एखाद्याने भारतीय नावे आणि शब्द मिळून 1 लाखांची यादी घेतली, दहा चिन्हे घेतली आणि शेवटी `0000` ते `9999` असे दहा हजार आकडे घेतले, तर एकूण जुळण्या होतात 1,000 कोटी. आकडा मोठा वाटतो. पण संकेतस्थळाकडची पासवर्डांची फाइल चोरीला गेली आणि त्या संकेतस्थळाने एमडी5 सारखी जुनी, झटपट चालणारी पद्धत वापरलेली असली, तर खेळांसाठी विकले जाणारे आजचे एक महागडे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 100 अब्जांहून जास्त अंदाज तपासते. 1,000 कोटी म्हणजे 10 अब्ज. म्हणजे `Tuljai@1985` आणि त्याच्या साच्यातले सगळे भाऊबंद सेकंदाच्या दहाव्या भागात संपतात.

‘एक मोठे अक्षर, एक चिन्ह, एक अंक आणि ठरावीक दिवसांनी बदल’ हा नियम जगभर पसरला त्याला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची 2003 ची मार्गदर्शिका बरीच कारणीभूत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये त्यातल्या बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टच्या सुधारित मार्गदर्शिकेने चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती, दोन्ही काढून टाकल्या. आपल्याकडच्या कितीतरी अर्जांवर मात्र तो जुना नियम अजून ठाण मांडून आहे.

तेव्हा माणसाने पासवर्ड सुचवूच नये, ते काम यंत्राकडे द्यावे, इथपर्यंत बरेच जण येऊन पोहोचतात. खरी अडचण त्याच्या पुढे आहे. यंत्राने केलेला पासवर्डसुद्धा फुटका असू शकतो, आणि तो फुटका आहे हे त्याच्याकडे बघून अजिबात कळत नाही. एक उदाहरण तपशिलात बघू. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये ही ओळ वर्षानुवर्षे हातोहात फिरत आली आहे:

```
date +%s | sha256sum | base64 | head -c 32; echo
```

ही ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लिहून हुकूम देण्याच्या खिडकीत टाकली की बत्तीस अक्षरांचा भरगच्च, अगम्य पासवर्ड मिळतो. वाचून दाखवता येणार नाही असा. पण तो झाला कसा ते बघा. उभी रेघ `|` ही अलीकडच्या हुकमाचे उत्तर पलीकडच्या हुकमाच्या हाती देते. पहिला हुकूम `date +%s` हा 1 जानेवारी 1970 पासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते सांगतो. पुढचे दोन हुकूम तो आकडा घुसळतात आणि अक्षरांत मांडतात. पण घुसळण्यात गुपित काहीच नाही. तोच आकडा दिला की जगातल्या कुठल्याही संगणकावर तेच उत्तर येते. म्हणजे या बत्तीस अक्षरांमागे असलेली एकमेव अज्ञात गोष्ट म्हणजे तुम्ही बटण दाबले ते सेकंद.

एका दिवसात 86,400 सेकंद असतात. तुम्ही खाते कोणत्या दिवशी उघडले हे कोणाला ठाऊक असेल, आणि ते बऱ्याच ठिकाणी तुमच्या नावाखाली चक्क छापलेले असते, तर त्याला 86,400 पासवर्ड तपासायचे आहेत. दिवस माहीत नसेल, तर पूर्ण वर्षाचे सुमारे 3 कोटी 15 लाख. बत्तीस अक्षरांचा हा पासवर्ड `Tuljai@1985` च्या साच्यापेक्षाही दुबळा ठरतो. आणि पुण्यात व नागपुरात दोघांनी एकाच सेकंदाला ती ओळ चालवली, तर दोघांना एकच पासवर्ड मिळतो.

या ओळीची एक खूण आहे, आणि ती कोणालाही पडताळून बघता येईल. तिच्यातून आलेला पासवर्ड नेहमी `M`, `N`, `O`, `Y` किंवा `Z` यांपैकीच एका अक्षराने सुरू होतो. बासष्ट अक्षरे-अंक मोकळे असताना सुरुवातीला फक्त पाच. पाचवे, नववे, तेरावे, अशी दर चौथी जागाही याच पाचांत अडकलेली असते. कारण `sha256sum` चे उत्तर `0` ते `9` आणि `a` ते `f` या सोळाच अक्षरांत येते, आणि `base64` अशी तीन-तीन अक्षरे घेऊन त्यांच्या जागी चार-चार मांडतो. प्रत्येक चौकडीचे पहिले अक्षर त्या सोळांच्या संकेतांकांमुळे या पाचांतच पडते. इथे खूण दिसली ती योगायोगाने. `base64` च्या जागी दुसरी मांडणी असती तर काहीच दिसले नसते आणि पासवर्ड तितकाच फुटका राहिला असता.

ही फक्त हौशी लोकांची चूक नाही. पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘कॅस्परस्की पासवर्ड मॅनेजर’ या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच गोष्ट सापडली. ‘लेजर’ कंपनीच्या ‘डोंजन’ या सुरक्षा-पथकाने 2021 मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्या सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती ‘मर्सेन ट्विस्टर’ हे आकडे निर्माण करणारे गणित वापरत होती. ते गणित हवामानाच्या किंवा भौतिकशास्त्राच्या नकली प्रयोगांना उत्तम, पण गुपितांसाठी बनवलेले नाही. आणि त्याला सुरुवातीचा आकडा, म्हणजे ‘बीज’, दिले जात होते ते चालू सेकंदाचे. परिणाम असा की एका क्षणाला जगातल्या सगळ्या ग्राहकांना, निवड सारखी असेल तर, एकच पासवर्ड मिळत होता. 2010 च्या अखेरीपासून 2021 च्या सुरुवातीपर्यंत सेकंद होतात 31,56,19,200. म्हणजे अक्षरांच्या एका निवडीसाठी एवढेच पासवर्ड शक्य होते, आणि ते सगळे तपासायला काही मिनिटे पुरत होती. खाते उघडल्याची वेळ माहीत असेल, तर जेमतेम शंभरेक.

मग इतकी वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? कोणी पटापट दोनदा बटण दाबले असते, तर दोन्ही वेळा तोच पासवर्ड दिसला असता आणि बिंग फुटले असते. पण पासवर्ड दाखवण्याआधी पडद्यावर अक्षरे भराभर फिरताना दिसत, आणि ते फिरणे एका सेकंदाहून जास्त वेळ चाले. तोवर घड्याळ पुढे सरकलेले असे. शोधकांनी हीच शक्यता मांडली आहे. कंपनीने दोष दुरुस्त केला, पण या हकिकतीतली ती फिरणारी अक्षरे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. डोळ्यांना रँडम दिसणे आणि खरोखर रँडम असणे यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: या पासवर्डमागची अज्ञात गोष्ट आली कुठून, आणि ती किती प्रकारे वेगळी असू शकली असती? लिनक्समध्ये या प्रश्नाचे उत्तर देणारी एक जागा 1994 पासून आहे. थिओडोर त्सो यांनी ती तयार केली आणि तिचे नाव `/dev/urandom`. दिसायला ती फाइल आहे, पण डिस्कवर तिच्यात काहीच साठवलेले नाही. कोणी वाचायला गेले की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या क्षणी नवे बाइट तयार करून देतो.

कर्नलला रँडमपणा मिळतो तो बाहेरच्या जगातून. कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, नेटवर्कवरून डेटा कधी येऊन धडकला, या वेळा तो अतिशय बारीक मापाने नोंदवतो. सेकंदाचे आकडे कोणीही ओळखेल, पण सेकंदाचा अब्जावा भाग मोजू लागलात की शेवटचे अंक कोणालाच, तुम्हालासुद्धा, सांगता येत नाहीत. बऱ्याच प्रोसेसरमध्ये विद्युत-गोंगाटावर चालणारा आकडे-निर्माताही असतो. त्याचेही उत्तर यात मिसळले जाते. एकाच स्रोतावर भिस्त ठेवली जात नाही, हे मुद्दाम. या मिश्रणातून 256 बिटांची एक किल्ली बनते आणि ‘चाचा20’ नावाची गुप्तलेखन-पद्धत त्या किल्लीवरून हवे तितके बाइट पुरवते. आतापर्यंत आलेले बाइट पाहून पुढचा ओळखायचा, तर ती किल्ली ओळखावी लागेल. आणि 256 बिटांच्या किल्लीसमोर जगातले सगळे संगणक एकत्र आणले तरी अपुरे पडतात. मॅकवरही याच नावाची फाइल आहे आणि विंडोजवर गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएल घेतले की तीच उपलब्ध होते.

शेजारीच `/dev/random` नावाची आणखी एक फाइल असते. ‘हीच खरी, `urandom` कमअस्सल’ असा समज फार काळ टिकला. पूर्वी `/dev/random` वाचताना ती मध्येच अडून बसायची, म्हणून ती जास्त शुद्ध वाटायची. 2020 मध्ये आलेल्या कर्नल 5.6 पासून ते अडणे बंद झाले. एकदा पुरेसा रँडमपणा गोळा झाला की दोन्हींतून येणाऱ्या बाइटांत फरक नाही. खरा धोका फक्त अगदी सुरुवातीला असतो. नुकतेच चालू झालेले, कळफलक नसलेले, डिस्क नसलेले छोटे यंत्र काही गोळा होण्याआधीच किल्ली बनवू लागले, तर अनेक यंत्रे सारख्या किल्ल्या बनवतात. 2012 मध्ये नदिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटभर पाहणी केली, तेव्हा सुरक्षित जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या त्यांना गणिताने काढता आल्या. त्यांत राउटरसारखी छोटी उपकरणे भरपूर होती. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप या अवस्थेतून केव्हाच बाहेर आलेला असतो.

आता ती ओळ, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच:

```
LC_ALL=C tr -dc 'A-Za-z0-9' < /dev/urandom | head -c 20; echo
```

हिचा नमुना म्हणून आलेला पासवर्ड इथे छापत नाही, कारण छापलेला पासवर्ड वापरण्यालायक उरत नाही. ओळ मात्र तुकड्या-तुकड्याने समजून घेण्यासारखी आहे. `<` हे चिन्ह `/dev/urandom` मधून येणारा बाइटांचा अखंड ओघ `tr` कडे वळवते. बाइट म्हणजे 0 ते 255 मधला कोणताही आकडा, आणि त्यांतले बरेचसे कळफलकावर नसतातच. `tr -dc` ही चाळणी आहे: `c` म्हणजे ‘दिलेल्या यादीबाहेरचे’ आणि `d` म्हणजे ‘काढून टाक’. यादीत मोठी-लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून बासष्ट चिन्हे आहेत. बाकीचे 194 प्रकारचे बाइट गळून जातात. सरासरी चार बाइटांत एक टिकतो, पण ओघ फुकट आहे, त्यामुळे चिंता नाही. `head -c 20` वीस अक्षरे घेतो आणि दार लावतो. मग `tr` चेही काम थांबते.

चाळण्याऐवजी प्रत्येक बाइटला बासष्टने भागून बाकी घेतली असती तर? बरेच नवशिके प्रोग्रॅमर हेच करतात. 256 ला 62 ने भागले की बाकी उरते 8. म्हणजे यादीतली पहिली आठ अक्षरे दर 256 मध्ये पाचदा येतात आणि उरलेली चारदाच. एवढ्याने पासवर्ड लगेच फुटत नाही, पण फोडणाऱ्याला कुठून सुरुवात करावी ते कळते. चाळणीत हा कल येत नाही; जे अक्षर टिकते त्या प्रत्येकाची शक्यता अगदी सारखी असते.

सुरुवातीचे `LC_ALL=C` अनेक जण गाळतात. मॅकवर मग `Illegal byte sequence` अशी तक्रार येते, कारण `tr` त्या बाइटांना कुठल्यातरी भाषेची अक्षरे समजून वाचू पाहतो. `C` म्हणजे ‘बाइट हे नुसते बाइट आहेत’. शेवटचा `echo` फक्त नवी ओळ देतो, पण तोही गाळू नये. मॅकच्या टर्मिनलमध्ये तो नसला की पासवर्डच्या शेवटी एक `%` दिसतो. तो पासवर्डचा भाग नसतो, टर्मिनलची खूण असते. लोक तो बरोबर उचलतात आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन होत नाही.

चिन्हे हवी असतील तर ती यादीत घालायची, पण आडवी रेघ `-` जपून. `tr` ला ती ‘पासून-पर्यंत’ असे सांगते. कोणी `'A-Za-z0-9!-_'` लिहिले, तर उद्गारचिन्ह, रेघ आणि अधोरेषा एवढीच मिळत नाहीत. `!` पासून `_` पर्यंतचे सगळे, म्हणजे अवतरणचिन्हे आणि `\` सुद्धा, आत शिरते. रेघ हवी असेल तर ती यादीत सर्वांत शेवटी लिहावी. आणि संकेतस्थळ निव्वळ हट्टाने एक चिन्ह मागत असेल, तर वीस रँडम अक्षरांच्या मागे स्वतःहून `@1` जोडले तरी काही बिघडत नाही. ताकद त्या वीस अक्षरांत आहे, शेपटीने ती घटत नाही.

वीसच का? पुन्हा त्याच ग्राफिक्स कार्डाचा हिशेब धरू, सेकंदाला 100 अब्ज अंदाज. बासष्ट चिन्हांतून खरोखर रँडम निवडलेली आठ अक्षरे म्हणजे सुमारे 218 लाख कोटी शक्यता, आणि त्या सगळ्या तपासायला लागतात 36 मिनिटे. म्हणजे रँडम असूनही आठ अक्षरे पुरत नाहीत. बारा अक्षरांना सुमारे 1,000 वर्षे लागतात. पण कार्डे हजार असतील तर ते एका वर्षावर येते, म्हणून तिथे थांबणे मला पटत नाही. सोळा अक्षरांना सुमारे 1,500 कोटी वर्षे. वीस अक्षरे घेतली की कार्डे किती, ती किती वेगवान, संकेतस्थळाने पद्धत कोणती वापरली, हे प्रश्नच मागे पडतात, आणि टंकायचे नसल्यामुळे चार अक्षरे जास्त असण्याचा त्रासही नाही. याच कारणाने `l`, `1`, `I`, `O`, `0` ही सारखी दिसणारी पाच चिन्हे यादीतून वगळली तरी चालते; सत्तावन्न चिन्हांतून वीस अक्षरे भरपूर आहेत.

पासवर्ड आवडला नाही म्हणून ओळ पुन्हा चालवली तर? आठ पासवर्डांतून एक पसंत केला, तर फोडणाऱ्याचे काम फार तर आठपट सोपे होते, आणि वीस अक्षरांसमोर आठपट म्हणजे काहीच नाही. आलेल्या पासवर्डला ‘लक्षात राहावा’ म्हणून हात लावणे मात्र वेगळे. दोन अक्षरे बदलून तिथे मुलीच्या नावाची आद्याक्षरे घातली की तेवढा भाग पुन्हा सवयीच्या ताब्यात जातो.

काही पासवर्ड डोक्यातच ठेवावे लागतात: लॅपटॉप उघडण्याचा, किंवा बाकीचे पासवर्ड ज्या तिजोरीत ठेवले तिचा. त्यांच्यासाठी अक्षरांऐवजी शब्द निवडतात. ही कल्पना आर्नल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये ‘डाइसवेअर’ या नावाने मांडली: पाच फासे टाकायचे, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. पाच फाशांची 7,776 उत्तरे होतात, म्हणून यादीत तितकेच शब्द. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2016 मध्ये सोप्या इंग्रजी शब्दांची अशी यादी काढली. ती उतरवून घेतली की लिनक्सवर फाशांचे काम ही ओळ करते:

```
shuf -r -n 6 --random-source=/dev/urandom eff_large_wordlist.txt | cut -f2 | paste -sd- -
```

सहा शब्द रेघेने जोडून मिळतात. यादी फोडणाऱ्याला तोंडपाठ आहे असे धरले, तरी आपल्या कार्डाला सुमारे 70,000 वर्षे लागतात.

मराठी शब्दांची यादी करता येईल का? येईल, आणि आई-वडिलांच्या लॅपटॉपसाठी ती इंग्रजीपेक्षा बरी. पण हिशेब विसरता कामा नये. घरी बसून हजार शब्द जमवले, तर सहा शब्दांच्या शक्यता तेच कार्ड सुमारे 116 दिवसांत संपवते. हजारांच्या यादीतून आठ शब्द घ्यावेत. ते रोमन लिपीत लिहायचे असतील तर प्रत्येक शब्दाचे एकच स्पेलिंग आधी ठरवावे; नाहीतर ‘वाट’ हा `vat` होता की `vaat`, यावर लॉगिन अडते. देवनागरीत पासवर्ड ठेवणे टाळावे. नुक्ता असलेले अक्षर दोन वेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे.

पासवर्ड जन्मल्यावर तो कुठे सांडतो, हाही भाग त्याच टर्मिनलचा आहे. वरच्या ओळी टर्मिनलच्या इतिहासात नोंदल्या जातात, पण तिथे फक्त ओळ राहते, तिचे उत्तर नाही. तोच पासवर्ड पुढच्या हुकमात हाताने लिहिला, तर मात्र तो इतिहासाच्या फाइलमध्ये उघडा पडतो, आणि हुकूम चालू असेपर्यंत त्या यंत्रावरच्या इतरांना `ps` ने दिसूही शकतो. पडद्यावरही तो वर सरकवून बघता येतो. म्हणून पडद्यावर न आणता थेट कॉपी करावा: मॅकवर `echo` गाळून ओळीच्या शेवटी `| pbcopy`, लिनक्सवर `| xclip -selection clipboard`. आणि कॉपी केलेल्या गोष्टींचा इतिहास ठेवणारी सोय चालू असेल, तर ती आधी बंद करावी.

रोजच्या वापराला हे सगळे एकत्र करणारे `pass` नावाचे छोटे साधन आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिले. 2022 मध्ये लिनक्स कर्नलच्या रँडम-विभागाची मोठी फेरबांधणी करणारेही तेच.

```
pass generate -n -c bank 20
```

एवढे लिहिले की चिन्हे नसलेला वीस अक्षरांचा पासवर्ड तयार होतो, कूटबद्ध फाइलमध्ये `bank` या नावाने साठतो, कॉपी होतो आणि 45 सेकंदांनी कॉपीतून पुसला जातो. त्याचा मजकूर उघडून वाचला, तर आत `/dev/urandom` आणि `tr -dc` हीच जोडी बसलेली सापडते. आत काय चालले आहे ते वाचता येणे हे माझ्या दृष्टीने त्याचे मोठे मोल आहे. फिरणाऱ्या अक्षरांमागे काय होते ते त्या ग्राहकांना वाचता आले नव्हते.

पासवर्ड रँडम असला तरी बनावट संकेतस्थळावर तो स्वतःच्या हाताने भरला, तर त्याचा काही उपयोग नाही. ओटीपी मागणाऱ्या फोनवरही नाही. दुसरी मर्यादा संकेतस्थळाच्या बाजूची आहे, आणि ती तपासता येते. काही ठिकाणी लांब पासवर्ड मुकाट्याने कापला जातो. जुन्या युनिक्सची पद्धत फक्त पहिली आठ अक्षरे बघायची. आज बऱ्याच ठिकाणी असलेली ‘बीक्रिप्ट’ 72 बाइटांपुढचे बघत नाही; इंग्रजी अक्षरांत ती 72 होतात, देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे जेमतेम 24. नवा वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला की बाहेर पडावे आणि शेवटचे अक्षर मुद्दाम गाळून आत जाण्याचा प्रयत्न करावा. प्रवेश नाकारला गेला तर ठीक. आत शिरता आले, तर संकेतस्थळ पासवर्ड कापत आहे. मग आणखी अक्षरे गाळत जाऊन तो कुठे अडतो ते बघावे. सोळापर्यंत अडला तर वापरायला हरकत नाही. आठच अक्षरांवर आत सोडत असेल, तर त्या खात्यात पैसा, कागदपत्रे किंवा मुख्य ईमेल यांपैकी काहीही ठेवू नये.